राणीचे श्वास मोजताना: फ्युरोसेमाइड आणि पिमोबेंडनचा नऊ महिन्यांचा अनुभव

आमची राणी ११ वर्षांची, ९ किलो वजनाची स्पिट्झ कुत्री आहे. गेल्या मार्चमध्ये तिच्या फुफ्फुसांत पाणी झाले, तेव्हा हृदयाची मायट्रल झडप झिजून गळत असल्याचे निदान झाले. दवाखान्यातून घरी आलो ते दोन औषधे घेऊन: साचलेले पाणी लघवीवाटे काढणाऱ्या फ्युरोसेमाइडची ४० मिलिग्रॅमची अर्धी गोळी आणि हृदयाला बळ देणाऱ्या पिमोबेंडनची २.५ मिलिग्रॅमची गोळी, दोन्ही दर बारा तासांनी. डॉक्टरांनी आणखी एक काम सांगितले, ते म्हणजे ती गाढ झोपलेली असताना रोज तिचे श्वास मोजून वहीत लिहिणे.

छाती एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास. मी घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजते, कारण पंधरा सेकंद मोजून चारने गुणले की एका श्वासाची चूक चारपट होते. ती स्वप्नात पाय हलवत असेल, जीभ बाहेर काढून धापत असेल किंवा नुकतीच फिरून आली असेल, तर ती नोंद धरायची नाही. पहिल्या दोन आठवड्यांत तिचा दर १८ ते २२ असा स्थिरावला. ३० च्या वर गेल्यास कळवा, ही सर्वसाधारण मर्यादा आम्हाला सांगितली होती, परंतु माझ्या अनुभवात तिचा नेहमीचा आकडा माहीत असणे अधिक उपयोगी ठरले. मे महिन्यात एका रात्री वीज गेलेली असताना ३४ आले. पंखा सुरू झाल्यावर तासाभराने तिला झोपेतच पुन्हा मोजले, तर २१. औषध वाढवण्याऐवजी खोली थंड करणे एवढेच त्या रात्री आवश्यक होते.

दिवाळीत मात्र तसे झाले नाही. पाहुण्यांच्या लहान मुलांनी तिला दोन दिवस शेव-चिवडा भरवल्याचे आम्हाला नंतर कळले. मिठामुळे शरीरात पाणी साठते आणि अशक्त हृदयाला ते पेलत नाही. वहीत ओळीने २१, २५, २९ आणि चौथ्या रात्री ३६ अशी नोंद आहे. अर्ध्या तासाने पुन्हा मोजले, तेव्हाही ३५. ती कुशीवर न झोपता पुढचे पाय ताठ करून बसू लागली होती. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी लगेच फ्युरोसेमाइडची अर्धी गोळी जादा द्यायला सांगितली आणि दोन तासांत दर उतरला नाही किंवा हिरड्या निळसर दिसल्या, तर थेट ऑक्सिजनची सोय असलेल्या दवाखान्यात नेण्यास बजावले. तासाभरात ती तीनदा लघवीला गेली आणि दोन तासांनी आकडा २६ वर आला. दुसऱ्या दिवशी तपासून फ्युरोसेमाइड दिवसातून तीन वेळा, म्हणजे एकूण ६० मिलिग्रॅम करण्यात आले.

यानंतरचा आठवडा मला अधिक शिकवून गेला. दर १६ वर आला, म्हणून मी निर्धास्त झाले; पण राणी जेवेना आणि दिवसभर कोपऱ्यात पडून राहू लागली. दहाव्या दिवशी ठरल्याप्रमाणे रक्त तपासले, तेव्हा मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे क्रिएटिनिन १.२ वरून १.९ झाले होते. लघवीवाटे गरजेपेक्षा जास्त पाणी गेल्याने मूत्रपिंडांना रक्त कमी पडत होते, आणि ही गोष्ट श्वासाचा आकडा कधीही सांगू शकत नाही. डॉक्टरांनी दुपारची मात्रा निम्मी केली. आता २०, १० आणि २० मिलिग्रॅम अशी विभागणी आहे, दर १९ ते २३ राहतो, क्रिएटिनिन १.५ वर आले आहे आणि भूक परतली आहे. पाणी मात्र कधीही अडवायचे नाही. फ्युरोसेमाइड चालू असलेल्या कुत्र्याची तहान खरी असते.

या साऱ्यात पिमोबेंडनची मात्रा एकदाही बदलली नाही. श्वास वाढला की आधी फ्युरोसेमाइडचा विचार होतो, कारण साचलेले पाणी तेच काढते. पिमोबेंडन हृदयाचे आकुंचन जोरकस करते आणि रक्तवाहिन्या सैल करते, ते रोज ठरल्या वेळी पोटात गेले पाहिजे. आजार बळावल्यास डॉक्टर ते तीन वेळा देतात, असे आम्हाला सांगितले आहे. बदलली ती देण्याची वेळ: सुरुवातीला मी गोळी दहीभातात लपवत असे, परंतु अन्नासोबत ती नीट शोषली जात नाही, म्हणून आता जेवणाच्या एक तास आधी देते.

तिचा पहाटेचा खोकला अजून गेलेला नाही. त्यासाठी मी एकदा फ्युरोसेमाइड वाढवायला विचारले होते. झोपेतला दर २० असताना केवळ खोकल्यावरून ते वाढवायचे नाही, असे डॉक्टरांनी क्ष-किरण चित्रावर दाखवून समजावले: फुफ्फुसे स्वच्छ होती आणि वाढलेले हृदय श्वासनलिकेच्या फाट्यावर टेकत होते.