रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये स्विच: दहा महिन्यांनंतरचा माझा हिशोब

मी कोल्हापूरचा, शिवाजी उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे. जानेवारी २०१९ पासून एका फ्लेक्सी कॅप म्युच्युअल फंडाच्या रेग्युलर प्लॅनमध्ये महिन्याला दहा हजारांची एसआयपी चालू होती. मार्च २०२५ मध्ये ७४ हप्ते झाले होते, म्हणजे ७ लाख ४० हजार भरले होते आणि त्याचे साधारण १२ लाख ४० हजार झाले होते. त्याच फंडाच्या डायरेक्ट प्लॅनमध्ये एजंटाचं कमिशन नसतं, त्यामुळे त्याचा खर्च वर्षाला सुमारे एक टक्क्याने कमी होता, म्हणून स्विच करायचं ठरवलं. हे काम करून आता दहा महिने होत आले. त्यात काय वाचलं आणि काय गेलं, ते मांडतो.

ॲपवर "स्विच" असं बटण असतं, त्यामुळे पैसे एका खिशातून दुसऱ्या खिशात गेल्यासारखं वाटतं. आयकराच्या हिशोबात मात्र ती जुन्या युनिटांची विक्री आणि नव्यांची खरेदी असते. फंड तोच असला तरीही. मी सगळी रक्कम एकाच दिवशी हलवली असती तर काय झालं असतं, ते आधी वहीत मांडलं. वर्ष उलटलेले ६२ हप्ते होते आणि त्यांच्यावरचा नफा पाच लाखांच्या आसपास होता. त्यातले सव्वा लाख करमुक्त, उरलेल्यावर साडेबारा टक्के आणि वर सेस. म्हणजे सुमारे ४८ हजार कर. शेवटच्या बारा हप्त्यांना अजून वर्ष झालं नव्हतं, त्यांच्यावर एक टक्का एक्झिट लोड, म्हणजे लवकर काढल्याबद्दल फंड कापतो ती रक्कम, अंदाजे ११०० रुपये. लोडची भीती सगळे घालतात, पण माझ्या बाबतीत खरा आकडा कराचा होता.

म्हणून तुकडे केले. एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घकालीन नफ्यावर कर नाही, आणि ही सवलत वापरली नाही तर पुढच्या वर्षात नेता येत नाही. युनिट विकताना जे आधी घेतले ते आधी जातात. माझे २०१९ चे पहिले युनिट सरासरी ४० रुपयांना पडले होते आणि मार्चमध्ये भाव ९० होता. एका युनिटमागे ५० रुपये नफा, म्हणजे २५०० युनिटांत सव्वा लाख भरतात. मी २४५० च टाकले, कारण त्या दिवसाचा भाव संध्याकाळी कळतो आणि अर्ज दुपारी तीनच्या आत द्यायचा असतो. भाव एका रुपयाने जरी वर गेला असता तरी २५०० युनिटांत मर्यादा ओलांडली असती. अर्ज रुपयांत न देता युनिटांत दिला, तो याच हिशोबाने.

स्टेटमेंट आलं तेव्हा बायकोने आधी पाहिलं. "अहो, २४५० गेले आणि २२७३ च आले. पावणेदोनशे युनिट गेले कुठं?" तिचं दचकणं रास्त होतं. डायरेक्टचा खर्च कमी, म्हणून त्याचा भाव रेग्युलरपेक्षा वर चढलेला असतो. तो त्या दिवशी ९७ होता. २४५० ला ९० ने गुणा आणि पॉइंटनंतरचे आकडे धरून २२७३.०६ ला ९७ ने, रक्कम तीच येते, फरक फक्त तेरा-चौदा रुपयांचा. तो विक्रीवरचा एसटीटी हा कर आणि खरेदीवरची स्टॅम्प ड्युटी. युनिट मोजू नका, रक्कम मोजा.

एप्रिल लागला, नवं आर्थिक वर्ष, नवा सव्वा लाख. लगेच पुढची तेवढीच खेप हलवली. तीन आठवड्यांत चार लाख चाळीस हजार डायरेक्टमध्ये, कर शून्य. इथपर्यंत मी खूश होतो.

सप्टेंबरमध्ये शॉपमधल्या सीएनसी मशीनचा स्पिंडल बिघडला. काम लाखाच्या वर गेलं. डायरेक्टमधले हजार युनिट काढले, भाव ११० होता. तेव्हा कळलं की स्विचने घड्याळ पुन्हा शून्यावर आलं होतं. करासाठी ते युनिट सहा महिन्यांचेच होते, म्हणजे लोड वजा जाता उरलेल्या नफ्यावर वीस टक्के आणि सेस, सुमारे २४७५ रुपये. शिवाय एक टक्का लोड, ११०० रुपये. (स्विचनंतर लोडचं वर्ष नव्याने मोजायचं की मूळ खरेदीपासून, हे योजनेगणिक बदलतं. माझ्या योजनेत नव्याने मोजलं. योजनेच्या माहितीपत्रकात एक्झिट लोडच्या तक्त्याखालची बारीक ओळ वाचा.) रेग्युलरमधले जुने युनिट काढावेत, तर त्यांच्यासाठीची यंदाची सवलत मी एप्रिलमध्येच संपवली होती, म्हणजे तिथे कर याहून जास्त बसत होता. एप्रिलचा स्विच केला नसता तर हेच पैसे जुन्या युनिटांतून एक रुपया कर न देता मिळाले असते. म्हणजे ३५७५ रुपये हा त्या घाईचा खर्च, आणि तो कुठल्याही कॅल्क्युलेटरने मला दाखवला नव्हता.

आता उरलेल्याचं काय? एप्रिलच्या स्विचनंतर जुन्या युनिटांत अजून २ लाख ६० हजारांच्या आसपास नफा होता. कर भरून तेव्हाच मोकळं व्हायचं, तर सुमारे ३४ हजार. त्या रकमेवर वर्षाची बचत जेमतेम सात हजार. थांबून दरवर्षी सवलतीपुरतं हलवायचं, तर मला आधी वाटलं दोन वर्षांत संपेल. पण उरलेले युनिट वाढत राहतात आणि नफाही वाढतो. बारा टक्के वाढ धरून मांडलं तर चार वर्षं लागतात, आणि तोवर रेग्युलरचा जादा खर्च सगळा मिळून १७-१८ हजार. ३४ पेक्षा कमीच, म्हणून मी थांबलो.

ज्यांचा नफा तीस-चाळीस लाखांचा आहे त्यांनी माझं गणित जसंच्या तसं उचलू नये. त्यांना सव्वा लाखाची सवलत पुरणारच नाही, कर आज ना उद्या भरायचाच आहे. त्यांच्यासाठी आजचा सगळा कर हा स्विचचा खर्च नाही, कारण नव्या युनिटांची खरेदी किंमत वर चढते आणि पुढचा कर तितका घटतो. खर्च एवढाच की कराचे पैसे आधी गेले आणि त्यांची वाढ बुडाली. माझ्याच आकड्यांत सांगायचं तर ३४ हजारांवर बारा टक्क्यांनी वर्षाला चार हजार. समोर सात हजारांची बचत असेल तर तिथे लगेच हलवणं बरं. एक्झिट लोड मात्र गेला तो गेलाच.

बायकोच्या ईएलएसएसला, म्हणजे करबचतीच्या फंडाला, हात लावला नाही. तिथे प्रत्येक हप्त्याची तीन वर्षं वेगळी मोजतात, त्यामुळे जुने हप्तेच सुटतात. शिवाय डायरेक्टमध्ये घेतलेले युनिट पुन्हा तीन वर्षं अडकतात. आम्ही नव्या कररचनेत आहोत, ८०सी चा उपयोग नाही, मग सुटलेले पैसे परत कुलपात कशाला घालायचे?

चालू एसआयपी मी पहिल्याच दिवशी डायरेक्टमध्ये वळवली. त्याला ना कर, ना लोड. सगळ्यात स्वस्त भाग तोच होता आणि तो मी आणखी चार वर्षं आधी करायला हवा होता. आमच्या शाहूपुरीच्या एजंट काकांना तसं घरी जाऊन सांगितलं. त्यांनी २०२० च्या पडझडीत मला एसआयपी बंद करू दिली नव्हती, ते विसरणार नाही.

स्पिंडलनंतर दीड लाख लिक्विड फंडात वेगळे ठेवले आहेत, तिथे सात दिवसांनंतर लोड नाही. ते असल्यामुळे पुढची खेप १ एप्रिल २०२६ नंतर लगेच टाकेन, पुन्हा युनिटांत, आणि त्या दिवशीच्या भावाने आकडा नव्याने काढून.