ब्लाइंड प्लेटेस्ट: खोलीत गप्प बसायचं, खोका पाठवायचा की स्क्रीनवर खेळवायचं?

ब्लाइंड प्लेटेस्ट म्हणजे नव्या बैठ्या खेळाची अशी चाचणी, जिच्यात खेळाडूंना फक्त प्रोटोटाइपचा खोका आणि नियमपुस्तिका मिळते. समजावून सांगायला डिझायनर नसतो. ही टेस्ट कशी घ्यायची ते ठरवताना एक उदाहरण धरून चालू.

चौघांचा पत्त्यांचा खेळ, गड्डी 60 पत्त्यांची. सुरुवातीला प्रत्येकाला पाच वाटले की 40 उरतात. नियम लिहिलाय, ‘पाळी संपली की पाच पत्ते घ्या.’ डिझायनरच्या मनात आहे, हात पुन्हा पाचाचा करा. पाळीला साधारण दोन पत्ते खेळले जातात, म्हणजे फेरीला आठ उचलले जातील आणि गड्डी पाच फेऱ्या पुरेल. खेळाडू मात्र सरळ आणखी पाच उचलतात. फेरीला वीस गेले, दोन फेऱ्यांत गड्डी खलास.

खोका पाठवून नुसता फॉर्म भरून घेतलात, तर तक्रारी येतील त्या अशा: ‘खेळ लवकर संपतो’, ‘सगळं नशिबावर आहे’, ‘हातात पत्ते मावत नाहीत’, ‘गड्डी दुप्पट करा’. चारही खऱ्या, पण मूळ एकच, आणि ते फॉर्ममध्ये कुठेच नाही. शेवटची सूचना ऐकून नवे 60 पत्ते छापले तरी गोंधळ तसाच राहील. खोलीत कोपऱ्यात बसून पाहणाऱ्याला तो पहिल्याच पाळीला दिसतो. अट एकच, तोंड उघडायचं नाही. कोणी ‘हे असंच ना?’ म्हणून तुमच्याकडे पाहिलं, की तुमची नुसती मानही उत्तर देऊन जाते. म्हणून खोका पाठवून डावाचं मोबाइलवर शूटिंग मागवणं अधिक निखळ. फक्त मोबाइल असा लावायला सांगा की पटावरचे हात दिसतील आणि नियम वाचणाऱ्याचा आवाज ऐकू येईल.

कॉम्प्युटरवर बैठे खेळ मांडून खेळता येणाऱ्या टेबलटॉप सिम्युलेटरवर दूरचे खेळाडू सहज जमतात, आकडे जुळवायला ते उत्तम. पण तिथे पट बहुधा आधीच मांडून ठेवलेला असतो, त्यामुळे मांडणीतल्या चुका लपतात. नियमपुस्तिका तपासायला मी ते वापरणार नाही.

माझं मत: पहिली टेस्ट खोलीत, पुढच्या टेस्ट खोका पाठवून, शूटिंगसह.

अभिप्राय उतरवताना प्रत्येक तक्रारीपुढे आधी लिहा, त्या गटाने संबंधित नियम बरोबर खेळला होता का? नसेल, तर खेळाला हात लावू नका, वाक्य बदला: ‘हातात पाच पत्ते होतील इतकेच उचला.’ नियम बरोबर खेळूनही दोन वेगळ्या गटांत ‘पुढे गेलेला गाठताच येत नाही’ असं आलं, तर दोष खेळात आहे. मग एका वेळी एकच आकडा बदला. नव्या आकड्यासाठी जुना गट चालतो, उलट त्याला फरक चटकन कळतो. नव्या वाक्यासाठी मात्र खेळ कधीच न पाहिलेली माणसंच हवीत.