शीर्षकाला किती वजन द्यावं: बूस्ट १, २, ४ की वेगळीच पद्धत?

जळगावातल्या एका शेती मासिकाच्या जुन्या अंकांचा सर्च मी सांभाळतो. धुळ्याच्या मित्राला आता तसंच काम आलंय आणि त्याचा प्रश्न एकच होता: "शीर्षकात शब्द सापडला तर त्याला मजकुरापेक्षा किती पट वजन देऊ?" त्याला फोनवर सांगितलं, ते इथे आकड्यांसह मांडतो. इंजिन इलास्टिकसर्च.

```
{"query": {"multi_match": {
  "query": "केळी करपा",
  "type": "best_fields",
  "fields": ["title^2", "body"]
}}}
```

`best_fields` मध्ये प्रत्येक फील्डचा स्कोअर वेगळा काढला जातो आणि त्यातला मोठा तेवढा धरला जातो. `^2` म्हणजे बूस्ट २, शीर्षकाचा स्कोअर दुप्पट.

समजा १००० लेख आहेत. 'केळी' हा शब्द १२० शीर्षकांत आणि ४०० लेखांच्या मजकुरात आहे. स्कोअर काढायच्या बीएम२५ सूत्रात शब्द जितका दुर्मिळ तितकी त्याची किंमत जास्त, आणि ही दुर्मिळता फील्डनुसार वेगळी मोजली जाते. म्हणून 'केळी'ची किंमत मजकुरात ०.९२, तर शीर्षकात २.१२ येते. म्हणजे बूस्ट १ ठेवला तरी शीर्षकाला दुपटीहून जास्त वजन आधीच मिळालेलं असतं. बहुतेकांच्या हे लक्षातच येत नाही आणि ते त्यावर आणखी दहा पट चढवतात.

आता दोन लेख घेऊ. पहिल्याचं शीर्षक 'केळी लागवडीची पूर्वतयारी'. मजकुरात करप्याचं नावही नाही. दुसऱ्याचं शीर्षक 'पावसाळ्यात पानांवर पडणारे ठिपके'. मजकुरात केळी सहादा, करपा सहादा. रावेर-यावलचा शेतकरी 'केळी करपा' शोधतो तेव्हा त्याला दुसरा लेख हवा असतो. 'करपा' फक्त ६० लेखांच्या मजकुरात आहे असं धरलं आणि दोन्ही लेखांची लांबी सरासरीइतकी मानली, तर दुसऱ्याचा स्कोअर ३.१० येतो. पहिल्याच्या शीर्षकात 'केळी' एकदाच, म्हणून किंमतीचा निम्म्याहून कमी भाग मिळतो; मूळ स्कोअर ०.९६. बूस्ट २ दिला तर १.९२, बूस्ट ३ दिला तर २.८९; अजून बरोबर लेखच वर आहे. बूस्ट ४ दिला की ३.८५, आणि सगळं उलटं होतं. आणि पहिला लेख एकटा वर चढत नाही. फार लांब शीर्षकं वगळली तर 'केळी' शीर्षकात असलेले ते सगळे लेख करप्याच्या लेखापुढे जाऊन बसतात.

मग १ वरच का थांबू नये? कारण लांबी. आमच्या संपादकांना ऐसपैस शीर्षकांची हौस. शीर्षक सरासरीच्या दुप्पट लांब असेल तर 'केळी'चा स्कोअर ०.६८ पर्यंत उतरतो. उलट बाजारभावाच्या एखाद्या लेखात केळी सहादा आली की त्याला ०.७६ मिळतात. नुसतं 'केळी' शोधणाऱ्याला मग बाजारभाव आधी दिसतो. बूस्ट २ ने हे दुरुस्त होतं आणि करप्याचा लेखही जागेवर राहतो.

४ किंवा १० पर्यंत माणूस कसा जातो, हे मला स्वतःवरून माहीत आहे. कुणी तरी 'अमुक लेख वर का येत नाही' म्हणतं, आपण आकडा वाढवतो, तो लेख वर येतो. खरं कारण वेगळंच असतं. आमच्याकडे शीर्षक होतं 'केळीवरील करपा', आणि प्रत्यय तोडण्याची सोय नव्हती, त्यामुळे इंजिनाला 'केळीवरील' हा 'केळी'पेक्षा निराळा शब्द वाटत होता. त्या शीर्षकात 'केळी'चा स्कोअर शून्य, आणि शून्याला कितीनेही गुणा; लेख वर आला तो नुसत्या 'करपा'च्या जोरावर. तिथे बूस्टला हात न लावता विश्लेषक सुधारायला हवा होता.

अति ट्यूनिंगची खूण ओळखायला सोपी: ३.२ वर एक क्रम, ३.३ वर दुसरा. वरच्या उदाहरणात उलटापालट नेमकी तिथेच होते. आज तो आकडा जुळवला आणि पुढच्या हंगामात केळीवरच्या शीर्षकांचे आणखी दोनशे लेख आले, की 'केळी'ची किंमत बदलते आणि जुळवणी सुटते. लोकांनी खरोखर टाईप केलेले पन्नास शोध घ्या, बरोबर लेख कोणते ते आधी लिहून ठेवा. तीसवर आकडा ठरवा, उरलेले वीस फक्त तपासायला. तीसवर सुधारणा आणि वीसवर घसरण दिसली, तर तुम्ही त्या तीस शोधांचं पाठांतर केलंय.

तिसरा मार्ग `combined_fields`, आवृत्ती ७.१३ पासून. यात फील्ड एकत्र धरून शब्दाची किंमत एकदाच ठरते आणि वजन स्कोअरला न लागता शब्द किती वेळा आला त्या मोजणीला लागतं. ती मोजणी ठरावीक मर्यादेपलीकडे स्कोअर वाढवत नाही. त्यामुळे पहिल्या लेखातली 'केळी' `title^10` दिलं तरी ०.९ च्या आसपासच अडकते. मात्र सगळ्या फील्डना एकच विश्लेषक लागतो आणि चुकीच्या स्पेलिंगला सूट देणारा शोध यात चालत नाही.

मित्राकडे लोक मोबाईलवरून 'केळि', 'करपां' असं काहीही टाईप करतात, म्हणून त्याला मी `best_fields` आणि `title^2` सुचवलं, कारण स्पेलिंगची सूट त्यात जोडता येते. माझ्याकडे शोधणारे बहुतेक संपादकच, शुद्ध लिहिणारे. मी `combined_fields` वर गेलो.