जुनी लेन्स परदेशातून: ईबेवरून की पेपालने थेट?

धरमपेठेतल्या भाच्याला जपानमधल्या विक्रेत्याकडून जुनी कॅमेरा लेन्स हवी आहे. तीच लेन्स ईबेवर आहे आणि विक्रेत्याच्या स्वतःच्या साइटवर पेपालने थोडी स्वस्त आहे. मी त्याला एकच विचारलं: काचेत बुरशी निघाली तर?

ईबेवर पार्सल मिळाल्यापासून साधारण 30 दिवसांत तक्रार करावी लागते. विक्रेत्याला उत्तरासाठी कामकाजाचे 3 दिवस मिळतात, मग ईबेला मध्ये घेता येतं. वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर परतीचा खर्च विक्रेत्याचा.

पेपालमध्ये पैसे भरल्यापासून 180 दिवस मिळतात. पण खरी अडचण पुढे आहे. वाद नोंदवला की 20 दिवसांच्या आत त्याचं क्लेममध्ये रूपांतर करावं लागतं, म्हणजे निर्णय पेपालकडे सोपवावा लागतो, नाहीतर तो आपोआप बंद होतो आणि पुन्हा उघडत नाही. 'थोडं थांबा, दुसरी पाठवतो' म्हणणारा विक्रेता नेमके हेच दिवस खातो. शिवाय लेन्स परत पाठवायचा खर्च आपल्या गळ्यात पडू शकतो, आणि नागपूरहून जपानला विमा काढून पार्सल म्हणजे स्वस्त कारभार नाही. ओळखीच्यांना पैसे पाठवायच्या 'फ्रेंड्स अँड फॅमिली' पर्यायाने पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा, त्यावर संरक्षणच नसतं.

पार्सल आल्याच्या दिवशीच टॉर्च तिरपा धरून काच बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर लगेच फोटो काढा.

लेन्ससारखी लगेच तपासता येणारी वस्तू ईबेवरूनच घ्यावी. तीन-चार महिन्यांनी येणारी वस्तू असेल तर पेपाल बरा.