फोटोवरून फूरिये सहगुणक: सहा महिने वापरल्यानंतर

सीआरओच्या पडद्याचा मोबाइलने फोटो काढायचा, सममिती बघून शून्य होणारी पदं आधीच खोडायची आणि उरलेली तेवढी मोजायची, अशी ही पद्धत. सहा महिन्यांच्या वापरानंतर मत असं: वेळ खरंच वाचतो, पण पद खोडताना घाई केली की उत्तर चुकतं.

एक मोजणी बघा. फंक्शन जनरेटरचं टीटीएल आउटपुट, 1 kHz, 0 ते 5 V. पडद्यावर 0.2 ms प्रति घर, म्हणजे आवर्तन पाच घरांचं. तरंग शून्याच्या वरच असल्यामुळे आहे तसा तो सम नाही आणि विषमही नाही. आधी सरासरी 2.5 V वजा करा आणि चढत्या कडेवर t = 0 धरा. आता तो विषम फलन झाला, म्हणून सगळे aₙ गेले. अर्धं आवर्तन सरकवून उलटा केला की तोच मिळतो, म्हणून सम क्रमांकाचे bₙ पण गेले. (विषम फलन आणि विषम क्रमांक यांची गल्लत फार होते. पहिल्याने कोसाइन जातात, दुसरं अर्ध-तरंग सममितीतून येतं.) मग पाव आवर्तनावरचं संकलन पुरतं:

```
b_n = (8/T) ∫[0, T/4] 2.5 sin(2πnt/T) dt = 10/(nπ)
```

b₁ = 3.18, b₃ = 1.06, b₅ = 0.64 V.

खोच पुढे आहे. वरचा भाग 2.5 ऐवजी 2.4 घरं भरला, म्हणजे कड अर्ध्या बारीक रेघेने हलली, तर दुसऱ्या हार्मोनिकचा आयाम शून्य न राहता 0.2 V होतो:

```
(2·5/2π)·|sin(2π·0.48)| ≈ 0.20
```

पडदा आणि रेघा वेगळ्या पातळीवर असलेल्या जुन्या सीआरओवर फोन जरा बाजूला धरला तरी एवढी चूक सहज होते. खरा फरक की फोटोचा, हे कळायला तरंग आडवा सरकवून दुसरा फोटो काढा. खरी असमानता तशीच राहते, फोटोची बदलते. शिवाय 0.1 ms प्रति घर घेतलं की त्याच अर्ध्या रेघेची चूक 0.1 V वर येते.

कमी वारंवारतेला एसी कपलिंग ठेवलं तर माथा उतरता दिसतो. त्यात अर्ध-तरंग सममिती टिकते, पण विषमता मोडते. माथा सरळ रेषेत 2.75 वरून 2.25 V वर उतरत असेल, तर a₁ = 8·0.25/π² ≈ 0.20 V. सम क्रमांक मात्र शून्यच राहतात. डीसी कपलिंग केलं की हा प्रश्नच मिटतो.

करवती तरंगाला ही सवय लावू नका. त्याला अर्ध-तरंग सममिती नसतेच, त्यामुळे चढाच्या मध्यावर शून्य धरून फक्त aₙ खोडता येतात. −A ते A करवतीला bₙ = (−1)ⁿ⁺¹·2A/(nπ), सगळे क्रमांक हजर. परतीची रेघ उभी न दिसता तिरकी दिसत असेल, तर हे सूत्र वरच्या क्रमांकांना जास्त आकडा देतं.