"आमच्याबद्दल कुठून कळलं?" – चेकआउटवर विचारावं की फोनवर?

चेकआउटवर विचारायचं तर पैसे भरून झाल्यावरच्या पानावर विचारा. आधी विचारलं तर ऑर्डर अर्धवट सुटू शकते. पर्यायांचा क्रम प्रत्येकाला वेगळा दिसू द्या, नाहीतर घाईतला ग्राहक पहिलाच पर्याय दाबतो आणि तोच तुमचा 'सर्वोत्तम' स्रोत ठरतो. 'इतर'पुढे लिहायला जागा हवीच.

फोनवर उत्तरं कमी मिळतात, पण खोल मिळतात. ग्राहक "गूगलवर" म्हणाला की लगेच विचारायचं, "काय शोधलं होतंत?" त्याने तुमचंच नाव टाकलं असेल, तर ते आधी दुसरीकडे कळलं होतं, खरा स्रोत तो. फोनवरचा धोका वेगळा: कामाच्या गर्दीत कर्मचारी न विचारताच 'गूगल' भरून टाकतो. म्हणून यादी न देता ग्राहकाचे शब्द जसेच्या तसे लिहायला सांगा.

आता पडताळणी. समजा महिन्यात 400 ऑर्डर आल्या, 160 जणांनी उत्तर दिलं, त्यातले 24 इन्स्टाग्राम म्हणाले. म्हणजे 15 टक्के, अंदाजे 60 ऑर्डर. इन्स्टाग्रामच्या जाहिरातीचा अहवाल मात्र 140 ऑर्डर सांगतो. आधी त्यातल्या, जाहिरात न दाबता नुसती दिसल्यावर झालेल्या खरेदी वेगळ्या काढा. फरक बराचसा तिथेच सापडू शकतो. 60 हाही पक्का आकडा नव्हे, लोक विसरतात. पण बजेट वाढवल्यावर अहवाल फुगला आणि हे 15 टक्के व एकूण ऑर्डर जागच्या जागी राहिल्या, तर वाढीव खर्च थांबवा.

ऑनलाइन दुकानाला चेकआउट पुरेसं आहे. महाग, विचार करून घेतल्या जाणाऱ्या सेवेसाठी फोनच.