मिनिटाला हजार शब्द, की मजकुराप्रमाणे गती?

जलद वाचनाचा वर्ग लावावा की मजकूर पाहून आपलीच गती बदलावी, असा प्रश्न असेल तर आधी वर्गाच्या जाहिरातीतला मिनिटाला हजार शब्दांचा आकडा तपासावा. मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबार्ट यांनी 2019 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या सरासरीनुसार प्रौढ वाचक इंग्रजीतला ललितेतर मजकूर मनातल्या मनात मिनिटाला सुमारे 238 शब्दांच्या गतीने वाचतो. मराठीत ‘घरासमोरच्या’ हा एकच शब्द मोजला जातो, त्यामुळे शब्दांची ही मोजणी आपल्याला जशीच्या तशी लागू पडत नाही. पण हजाराचा दावा कोणत्याही भाषेत संशयास्पदच ठरतो. नजर ओळीवरून सलग सरकत नाही, ती उड्या मारते. प्रत्येक थांबा साधारण पाव सेकंदाचा असतो आणि त्यात मोजकीच अक्षरे स्पष्ट दिसतात.

मानसशास्त्रज्ञ मार्सेल जस्ट आणि पॅट्रिशिया कार्पेंटर यांनी प्रशिक्षित जलद वाचक, नेहमीचे वाचक आणि नुसते चाळणारे यांची तुलना केली, तेव्हा समजुतीत नेहमीचे वाचक पुढे राहिले. सोप्या मजकुराचा गाभा सांगण्यात जलद वाचक चाळणाऱ्यांपेक्षा थोडे सरस ठरले, तपशिलात मात्र नाही. म्हणजे वर्गात फी भरून बहुतांशी चाळण्याचाच सराव होतो. चाळणे वाईट नव्हे; त्याला वाचन म्हणून विकणे दिशाभूल करणारे आहे.

‘मागे वळून पाहू नका’ हा वर्गातला नियम मराठी वाचकाला विशेष महाग पडतो, कारण आपल्या वाक्यातला नकार शेवटी येतो. भाडेकरारातले हे वाक्य पाहा: ‘मुदतीपूर्वी जागा सोडल्यास अनामत रक्कम, थकीत वीजबिल व दुरुस्तीखर्च वजा करूनही, परत केली जाणार नाही.’ ‘वजा करूनही’ हे ‘वजा करून’ असे वाचले गेले, तर उरलेले पैसे मिळतील असा समज होतो आणि शेवटच्या ‘नाही’पाशी पोहोचल्यावर मागे वळणे भागच पडते.

समजा, करार 1,500 शब्दांचा आहे. हजाराच्या गतीने तो दीड मिनिटात ‘संपतो’, मिनिटाला 200 च्या गतीने साडेसात मिनिटे लागतात. म्हणजे बचत होते ती सहा मिनिटांची. त्यापेक्षा दोन मिनिटे चाळून रक्कम, मुदत आणि दंड यांच्या कलमांवर पेन्सिलीने खूण करावी आणि ती कलमे, बहुधा 400 शब्दांची, मिनिटाला शंभराच्या संथ गतीने वाचावीत. एकूण सहा मिनिटे होतात. उरलेला भाग मात्र चाळलेलाच राहतो, हे विसरू नये.

परिचित विषयावरची बातमी वेगाने वाचायला हरकत नाही. गती जास्त झाली का, हे ओळखायचे असेल तर परिच्छेद झाकून त्यातली अट किंवा कारण स्वतःच्या शब्दांत सांगून पाहावे. केवळ विषयच सांगता आला, तर तो परिच्छेद पुन्हा वाचावा. वर्गातल्या बहुपर्यायी चाचणीवर मात्र भिस्त ठेवू नये, कारण तिची काही उत्तरे उतारा न वाचताही सामान्य ज्ञानावर देता येतात.